ॲपमधून वाय-फायचा पासवर्ड बदलताना: ॲपला काय दिसतं आणि राउटरमध्ये काय असतं

प्रश्न: घरच्या वाय-फायचा पासवर्ड बऱ्याच जणांना देऊन झालाय, म्हणून इंटरनेट कंपनीच्या ॲपमधून तो बदलायचा विचार आहे. पण ॲपमध्ये जो पासवर्ड दिसतो तो टाकून नवा लॅपटॉप जोडायला गेलो तर ‘चुकीचा पासवर्ड’ येतं. मोबाइल मात्र त्याच वाय-फायवर व्यवस्थित चालू आहेत. असं का? बदलताना नावही बदलावं की फक्त पासवर्ड? घरात टीव्ही, प्रिंटर आणि दोन कॅमेरे आहेत, आणि मुलीच्या फोनला ॲपमधूनच रात्रीची वेळमर्यादा लावलेली आहे.

उत्तर:

नाव तेच ठेवा, फक्त पासवर्ड बदला. तुमच्या घरात वेळमर्यादा लावलेली आहे म्हणून हे ठामपणे सांगतोय. कारण पुढे येईलच. आणि लॅपटॉपचा घोळ आधी सोडवा, मगच बदलाला हात घाला. त्या घोळामागचं कारण कळलं की ॲप नेमकं कोणाशी बोलतंय हे कळतं, आणि ते माहीत असलं की पुढचे अर्धे प्रश्न पडतच नाहीत.

बहुतेकांना वाटतं, ॲप उघडलं की ते समोरच्या राउटरमध्ये डोकावून पासवर्ड वाचतं. कंपनीच्या ॲपचं सहसा तसं नसतं. ॲप बोलतं कंपनीच्या सर्व्हरशी, आणि सर्व्हर बोलतो राउटरशी. या सर्व्हर-राउटर संवादाची एक ठरलेली पद्धत आहे, TR-069 नावाची. बऱ्याच कंपन्या तीच वापरतात, काही तिची पुढची आवृत्ती वापरतात. यात राउटर ठरावीक वेळाने स्वतःहून सर्व्हरला हजेरी लावतो. सर्व्हरला मधेच काही काम निघालं तर तो राउटरला हाक मारतो, राउटर जोडला जातो आणि हुकूम घेऊन जातो. तुम्ही ॲपमध्ये ‘सेव्ह’ दाबता तेव्हा तुमचा नवा पासवर्ड या वाटेने जातो. म्हणूनच घराबाहेर असताना, मोबाइल डेटावरूनही घरचा पासवर्ड बदलता येतो.

आता या पद्धतीतली एक गंमत ऐका. वाय-फायचा पासवर्ड ज्या खान्यात असतो, तो सर्व्हरने वाचायला मागितला तर राउटरने रिकामं उत्तर द्यावं असा त्या पद्धतीचा मूळ नियमच आहे. म्हणजे सर्व्हर पासवर्ड लिहू शकतो, पण वाचू शकत नाही. सगळे राउटर हा नियम पाळतात असं नाही, काही सरळ खरा पासवर्ड सांगून मोकळे होतात. पण जिथे पाळला जातो तिथे ॲपसमोर दोनच वाटा उरतात: एक तर पासवर्डच्या जागी नुसते ठिपके दाखवायचे, नाहीतर शेवटी ॲपमधून (किंवा जोडणीच्या वेळी कंपनीकडून) जो पासवर्ड लिहिला गेला होता, त्याची स्वतःकडची नोंद दाखवायची. डोळ्याच्या चिन्हावर टिचकी मारल्यावर तुम्हाला दिसतं ते बऱ्याचदा ही जुनी नोंद असते.

मग कोणी राउटरच्या स्वतःच्या पानावर, म्हणजे ब्राउझरमध्ये 192.168.1.1 किंवा तसा पत्ता टाकून, तिथून पासवर्ड बदलला असेल तर ॲपला त्याचा पत्ताच नसतो. जोडणी करायला आलेल्या माणसाने तुमच्यासमोर ‘तुमचा आवडता पासवर्ड सांगा’ म्हणत तिथेच टाकून दिलेला असतो, आणि ॲप मात्र कारखान्यातला, राउटरच्या स्टिकरवरचा पासवर्ड धरून बसलेलं असतं. ॲपमध्ये दिसणारा पासवर्ड आणि राउटरच्या तळाशी छापलेला पासवर्ड एकच निघाला, तर तुमच्याकडे हेच झालंय असं समजा.

खरा पासवर्ड ज्या मोबाइलवर वाय-फाय चालू आहे त्याच्याकडे असतोच. अँड्रॉइड १० किंवा त्यापुढचा फोन असेल तर वाय-फाय सेटिंगमध्ये जोडलेल्या नावावर जाऊन ‘शेअर’ दाबा. बोटाचा ठसा किंवा पिन घेऊन क्यूआर कोड येतो आणि बहुतेक फोनवर त्याखालीच पासवर्ड लिहिलेला असतो. आयफोनवर iOS १६ पासून नावापुढच्या ‘i’ वर दाबलं की पासवर्डची ओळ दिसते. घरात आधीपासून जोडलेला विंडोजचा एखादा जुना लॅपटॉप असेल तर त्यावर कमांड प्रॉम्प्टमध्ये हे टाका, अवतरणात तुमच्या वाय-फायचं नाव:

```
netsh wlan show profile name="MyHomeWifi" key=clear
```

जे येईल त्यात `Key Content` च्या ओळीत पासवर्ड असतो. तो कागदावर लिहून ठेवा. नवा लॅपटॉप आत्ताच जोडायचा असेल तर हाच वापरा. शिवाय बदल केल्यावर काही अडलं आणि हाताशी वेळ नसला, तर हाच जुना पासवर्ड ॲपमधून परत टाकला की ज्यांत अजून नवा टाकलेला नाही ती सगळी उपकरणं आपोआप मूळ जागेवर येतात.

आणखी एक शक्यता तपासून घ्या. फोनवर दिसणारं वाय-फायचं नाव आणि ॲपमधलं नाव अक्षर न अक्षर एकच आहे का? नाव एकच आणि पासवर्ड वेगळा असेल तर वर सांगितलेली जुनी नोंदच. पण नावही वेगळं असेल तर घरात बहुधा दोन खोकी आहेत: कंपनीचं एक, आणि त्याच्यापुढे तुम्ही किंवा घरातल्या कोणीतरी विकत आणून लावलेला दुसरा राउटर. कंपनीच्या ॲपची सत्ता फक्त कंपनीच्या खोक्यावर चालते. याची खूण ॲपमध्येच सापडते. ‘जोडलेली उपकरणं’ ही यादी उघडा. त्यात मोबाइल, टीव्ही, कॅमेरे दिसत असतील तर ठीक. त्यात एकच नाव असेल, तेही एखाद्या राउटरचं, तर तुमचं वाय-फाय त्या दुसऱ्या राउटरमधून येतंय आणि पासवर्डही त्याच्याच ॲपमधून किंवा पानावरून बदलावा लागेल. तुम्ही मुलीच्या फोनला या ॲपमधून वेळमर्यादा लावू शकला आहात आणि ती चालते आहे, त्यामुळे तुमच्याकडे ही भानगड नसावी. तरी एक नजर टाका, त्याला मिनिटही लागत नाही.

आता नावाचं. फोन, लॅपटॉप, टीव्ही सगळे वाय-फायची ओळख नावावरून ठेवतात. नाव बदललं की त्यांच्या लेखी ते नवंच वाय-फाय, पासवर्ड तोच ठेवला तरी. लहान-मोठ्या लिपीचाही फरक पडतो: `Sukhada` आणि `sukhada` ही दोन वेगळी नावं. इथपर्यंत नाव बदलणं आणि पासवर्ड बदलणं यात त्रास सारखाच, प्रत्येक उपकरण एकदा हातात घ्यावं लागतं. पण अँड्रॉइड १० आणि iOS १४ पासून फोन वाय-फायला आपला खरा हार्डवेअर पत्ता सांगत नाहीत. प्रत्येक वाय-फायसाठी एक वेगळा, बनवलेला पत्ता वापरतात. ॲपमधली वेळमर्यादा लागलेली असते ती त्या पत्त्याला. नाव बदललंत की मुलीचा फोन नव्या पत्त्याने जोडला जाईल, ॲपच्या यादीत अनोळखी उपकरण म्हणून उगवेल आणि वेळमर्यादा जुन्या, आता कधीच न येणाऱ्या पत्त्याला चिकटून राहील. वर कोणी सांगणारही नाही. रात्री फोन चालू दिसेल तेव्हाच कळायचं. नाव तेच ठेवून फक्त पासवर्ड बदलला तर पत्ता सहसा तोच राहतो. सहसा म्हटलं, कारण फोनवर ते वाय-फाय ‘फरगेट’ करून पुन्हा जोडलं तर काही फोन नवा पत्ता घेऊ शकतात. म्हणून मुलीच्या फोनवर ‘फरगेट’ करायची वेळ आणू नका. चुकीच्या पासवर्डचा निरोप आला की तिथेच नवा टाका, आणि जोडल्यावर ॲपच्या यादीत तो जुन्याच नावाने दिसतोय ना हे पाहा.

नाव बदलायला सबळ कारण असतं ते एवढंच: त्यात तुमचं आडनाव किंवा घर क्रमांक आहे, किंवा शेजारच्याचं नाव हुबेहूब तेच आहे. तेव्हा बदला, मात्र वेळमर्यादा नव्याने लावायची तयारी ठेवा. नाव देवनागरीत हवं असेल तर मर्यादा लक्षात घ्या. नावाला ३२ बाइटची जागा असते आणि देवनागरीतलं एकेक अक्षरचिन्ह तीन बाइट खातं. काना-मात्रा वेगळ्या मोजल्या जातात, म्हणजे जेमतेम दहा चिन्हं बसतात. आणि कॅमेरा किंवा प्रिंटर असं नाव वाचेलच याचा भरवसा नाही. इंग्रजी अक्षरं बरी.

पासवर्डला किमान ८ आणि कमाल ६३ अक्षरं चालतात. माझा सल्ला असा की लांब करा पण साधा करा: पंधरा-सोळा अक्षरं, सगळी लहान लिपीतली, मधे दोन-चार अंक. हा पासवर्ड तुम्हाला टीव्हीच्या रिमोटने आणि प्रिंटरच्या टीचभर पडद्यावर टाकायचा आहे. तिथे @, #, & शोधत बसण्यापेक्षा चार अक्षरं जास्त टाकणं परवडतं, आणि सुरक्षेच्या दृष्टीनेही लांबीच कामी येते. o आणि 0, l आणि 1 टाळा. काही ॲप &, <, > आणि अवतरणचिन्हं घेतच नाहीत; काही घेतात आणि वाटेत त्याचं भलतंच काही होतं. आयफोनचा कीबोर्ड साधं अवतरणचिन्ह गुपचूप वळणदार करतो, तेही याच जातीचं दुखणं. आणखी दोन गोष्टी डोळ्यांत तेल घालून पाहा: फोनच्या कीबोर्डने पहिलं अक्षर मोठ्या लिपीतलं करून टाकलेलं नाही ना, आणि शेवटी एक रिकामी जागा घुसलेली नाही ना. ‘नवा पासवर्ड कोणत्याच उपकरणात चालत नाही’ अशी तक्रार आली की मी सगळ्यात आधी हीच दोन ठिकाणं तपासतो. पासवर्ड आधी नोट्समध्ये टाइप करून, नीट पाहून, मग ॲपमध्ये चिकटवा.

आता प्रत्यक्ष बदल. फोन वाय-फायवरून काढा आणि मोबाइल डेटावर घ्या. बदल लागू होताना राउटर वाय-फाय बंद करून चालू करतो. तुम्ही त्याच वाय-फायवर असाल तर ॲपचा संपर्क मधेच तुटतो, पडद्यावर चूक झाल्याचा निरोप येतो आणि बदल झाला की नाही हेच कळत नाही. एखादं ॲप घरच्या वाय-फायवर असल्याशिवाय हे पान उघडूच देत नाही. तिथे निरोपाकडे लक्ष न देता थेट नव्या पासवर्डने जोडून पाहायचं.

ॲपमध्ये ‘वाय-फाय सेटिंग’, ‘माय नेटवर्क’ किंवा अशाच नावाखाली हे पान असतं. नावाच्या जागी SSID लिहिलेलं दिसेल. इथे थांबून पाहा की २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ असे दोन वेगळे भाग आहेत का. असतील तर पासवर्ड दोन्हीकडे बदलायचा आहे. ही फार नेहमीची चूक: एका भागात बदल करून लोक खूश होतात, आणि दुसऱ्या भागावर जुना पासवर्ड वर्षानुवर्षं चालू राहतो. ज्यांना बाहेर काढायचं होतं ते सगळे तिथून आत असतात. दोन्हींना मिळून एकच नाव असेल तर एकदाच बदलून भागतं.

सेव्ह करण्याआधी सगळे रकाने वाचा. काही ॲप बदललेला एकच रकाना न पाठवता अख्खं पान पाठवतात. उद्या कधी फक्त नाव बदलायला गेलात आणि पासवर्डच्या रकान्यात ती जुनी नोंद असली, तर नावाबरोबर ती जुनी नोंदही राउटरमध्ये लिहिली जाते. ‘पासवर्डला हातही लावला नव्हता’ असं लोक म्हणतात तेव्हा ते खरंच बोलत असतात. सुरक्षेचा प्रकार निवडायचा रकाना असेल तर WPA2, किंवा WPA2 आणि WPA3 एकत्र, असा ठेवा. नुसतं WPA3 निवडलं तर जुना प्रिंटर आणि कॅमेरे पासवर्ड बरोबर असूनही जोडले जात नाहीत, आणि दोष पासवर्डच्या माथी मारला जातो.

सेव्ह दाबल्यावर कधी काही सेकंदांत, कधी काही मिनिटांत बदल लागू होतो. ‘प्रक्रिया सुरू’ किंवा ‘पेंडिंग’ दिसत असेल तर पुन्हा पुन्हा दाबू नका. सर्व्हरची हाक राउटरपर्यंत पोहोचली नाही तर तो पुढच्या हजेरीच्या वेळी हुकूम घेतो. तोवर जुना पासवर्डच चालतो. बराच वेळ काही हललं नाही तर राउटर एकदा बंद करून चालू करा. चालू होताना तो हजेरी लावतोच. पण मागचं रिसेटचं बारीक छिद्र टोचू नका. त्याने राउटर स्टिकरवरच्या नाव-पासवर्डवर जातो आणि काही ठिकाणी जोडणीची माहितीही पुसली जाते, मग कंपनीचा माणूस आल्याशिवाय इंटरनेट येत नाही.

बदल लागला की घरातली सगळी उपकरणं एकदम तुटतील. ते तसंच व्हायला हवं. फोन आणि लॅपटॉप बहुतेक वेळा पासवर्ड विचारतात. एखादा न विचारता नुसताच जोडायचा प्रयत्न करत बसला, तर त्या लॅपटॉपवर खुशाल ‘फरगेट’ करून नव्याने जोडा. तिथे वेळमर्यादेचा प्रश्न नाही. टीव्ही आणि प्रिंटर यांच्या स्वतःच्या नेटवर्क सेटिंगमधून जोडायचे. लोकांना वाटतं प्रिंटर संगणकावरून काढून पुन्हा बसवावा लागेल, लागत नाही. तो त्याच घरच्या नेटवर्कवर परत आला की संगणकाला बहुधा तसाच सापडतो.

खरा वेळ जातो तो कॅमेऱ्यांत. त्यांना पडदा नाही, पासवर्ड विचारायची सोय नाही. जुना पासवर्ड घेऊन ते दार ठोठावत राहतात. म्हणून बदल करायचा दिवस असा निवडा की कॅमेऱ्यापर्यंत शिडी लावून पोहोचता येईल. कॅमेऱ्याच्या ॲपमधून त्याला आधी काढून टाकायची घाई करू नका, तसं केलं तर आधीची सेटिंग, कधीकधी जुनी रेकॉर्डिंगही हातची जातात. त्या ॲपमध्ये ‘नेटवर्क बदला’ असा पर्याय शोधा. तो नसेल तर कॅमेऱ्यावरचं रिसेटचं बटण आवाज किंवा दिव्याची लुकलुक येईपर्यंत दाबून धरा आणि त्याच खात्यात पुन्हा जोडा. घरगुती कॅमेरे बहुतांशी २.४ गिगाहर्ट्झवरच चालतात. दोन्ही पट्ट्यांना एकच नाव असेल आणि तुमचा फोन त्या वेळी ५ वर असेल, तर काही कॅमेरे जोडणीच्या वेळी अडून बसतात. अशा वेळी कंपनीच्या ॲपमधून ५ गिगाहर्ट्झ थोडा वेळ बंद करा, कॅमेरे जोडा, मग परत चालू करा. एक कॅमेरा पूर्ण जोडून चित्र दिसल्याशिवाय दुसऱ्याला हात लावू नका.

सगळं झाल्यावर उलट परीक्षा घ्या. एखाद्या फोनवर, मुलीचा सोडून, वाय-फाय ‘फरगेट’ करा आणि मुद्दाम जुना पासवर्ड टाका. जोडला गेला तर कुठेतरी जुना पासवर्ड जिवंत आहे: ५ गिगाहर्ट्झचा भाग राहिलाय, किंवा वरच्या खोलीत वेगळा आणलेला रिपीटर त्याच नावाने जुना पासवर्ड वाटत बसलाय. रिपीटरची खूण सोपी आहे, त्याच्याजवळ गेल्यावर फोन जोडला जातो पण इंटरनेट नसतं, कारण रिपीटरचाच राउटरशी संपर्क तुटलेला असतो. त्यालाही नवा पासवर्ड त्याच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये द्यावा लागतो. भिंतीवर किंवा फ्रिजवर पाहुण्यांसाठी क्यूआर कोड छापून चिकटवला असेल तर तो काढा. जुना पासवर्ड त्याच्यातच लिहिलेला असतो, तो आपोआप बदलत नाही.

पाहुण्यांसाठी ॲपमध्ये ‘गेस्ट वाय-फाय’ आहे का पाहा आणि असेल तर पुढे फक्त त्याचाच पासवर्ड वाटा. तो केव्हाही बदलला तरी कॅमेऱ्यांना धक्का लागत नाही. फक्त टीव्ही-प्रिंटर तिथे जोडू नका. गेस्टवरची उपकरणं सहसा घरच्या बाकीच्या उपकरणांना दिसत नाहीत, मग फोनवरून प्रिंट जात नाही आणि लोक प्रिंटरला दोष देतात.

शेवटचं म्हणजे त्या ॲपचं खातं. त्यात शिरायला ओटीपी लागतो आणि तो नोंदवलेल्या मोबाइल क्रमांकावर जातो. तो क्रमांक आधीच्या भाडेकरूचा, घरमालकाचा किंवा घर सोडून गेलेल्या कोणाचा असेल, तर ती व्यक्ती कुठूनही तुमचा नवा पासवर्ड पुन्हा बदलू शकते, आणि ॲप दाखवत असेल तर वाचूही शकते. प्रोफाइलमध्ये क्रमांक पाहा, आपला नसेल तर कंपनीकडून बदलून घ्या. ‘पासवर्ड बदलून देतो, आलेला ओटीपी सांगा’ असा फोन आला तर सांगू नका. वर लिहिलेलं सगळं तुमचं तुम्हाला करता येतं.